दाराची वजावट

आमच्या सांगलीच्या घराला यंदा दिवाळीआधी आतून रंग काढला. रंगकाम करणारे अण्णा माझ्या माहेरच्या गावचे, मला वहिनी म्हणणारे. दर ठरला चौरस फुटाला वीस रुपये, पुट्टी आणि रंगाचे दोन हात धरून. काम छान झालं. आणि मग बिल आलं: २६४० चौरस फूट, ५२,८०० रुपये!

आकडा वाचून माझ्या पोटात गोळाच आला. भिशीचे पैसे मी त्यासाठीच ठेवले होते, पण ते इतके नव्हते. दुपारी टेप घेऊन मीच मापं घ्यायला बसले. पाहते तो काय, दारं-खिडक्यांची जागासुद्धा भिंत म्हणून धरलेली! शिवाय ओट्यामागच्या भिंतीला चार फूट उंचीच्या टाइल्स, वीस फूट लांब. म्हणजे ८० चौरस फुटांवर रंग लागलाच नव्हता. माझ्या हिशेबाने बिल होत होतं ४४,५६०.

संध्याकाळी अण्णा आले. मी कागद पुढे केला. "वहिनी, दारं कुणी वजा करत नाही. कडा रंगवायला काय कमी वेळ लागतो?" ते म्हणाले. आवाज चढले. हे मधे पडले, "जाऊ दे, मधलं तोडू. ४८,६८० द्या नि घ्या."

मला ते पटेना. मधलं तोडायचं म्हटलं की ज्याने आकडा जास्त फुगवला त्याचा फायदा. पुढच्या वेळी दोघंही फुगवूनच सांगणार. मी म्हटलं, "अण्णा, तुमचंही नको, माझंही नको. वरच्या मजल्यावरच्या काकांना विचारू." काका बांधकाम खात्यातून ओव्हरसियर म्हणून निवृत्त झालेले.

काकांनी आधी आम्हा दोघांना टेप धरायला लावली. "माप हा वाद नव्हे, ते मोजून कळतं," असं म्हणाले. ओट्याच्या टाइल्स तिथेच निघाल्या. अण्णांनी मान डोलावली. पोऱ्याने सरसकट भिंत मोजली होती. राहिले २५६० फूट.

मग वजावटीचा नियम. भारतीय मानक ब्युरोच्या 'आय. एस. १२००' या मापनाच्या पुस्तकात रंगकामाचा वेगळा भाग आहे, तेरावा. सरकारी कामं त्याच रीतीने मोजतात. अर्धा चौरस मीटर, म्हणजे साधारण साडेपाच चौरस फुटांपर्यंतचं भोक वजा करायचंच नाही. त्याहून मोठं पण तीन चौरस मीटर, म्हणजे बत्तीस फुटांपर्यंतचं असेल आणि भिंतीच्या दोन्ही बाजूंना तोच रंग असेल, तर एकाच बाजूची जागा वजा करायची. दुसऱ्या बाजूची कडांच्या रंगापोटी सोडून द्यायची. तीन मीटरच्या वर दोन्ही बाजू वजा करायच्या, पण कडा मोजून मिळवायच्या.

आमची आतली चार दारं तीन बाय सातची, एकेक २१ फूट. मी दोन्ही बाजू मिळून १६८ वजा केले होते, अण्णांनी शून्य. नियमाने झाले ८४. हॉल आणि जेवणघर यांमधली मोकळी कमान सहा बाय सात, ४२ फूट. दोन्ही बाजूंच्या ८४ मधून कडांचे १० परत मिळवून वजावट ७४. पाच खिडक्यांचे मी ८० फूट कापले होते. पण बाहेरची बाजू अण्णांनी रंगवलीच नव्हती आणि चौकट बाहेरच्या अंगाला असल्याने आतली कड रुंद. अशा वेळी वजावट नाही, कडाही वेगळ्या मोजायच्या नाहीत. तिथे मी हरले!

एकूण वजावट १५८. उरले २४०२ फूट, बिल ४८,०४० रुपये. मधल्या तोडीपेक्षा ६४० कमीच, पण माझ्या आकड्यापेक्षा जवळजवळ साडेतीन हजार जास्त. तरी ते देताना हात आखडला नाही. प्रत्येक फूट कुठून आला ते मला दिसत होतं. अण्णांनीही चहा घेतला नि म्हणाले, "वहिनी, टाइल्सचं माझ्या लक्षातच नव्हतं."

जाता जाता काकांनी एक बजावलं. हा नियम खाजगी कामाला आपोआप लागू होत नाही. तो अण्णांनी मानला म्हणून चालला. ते 'मी नाही जाणत' म्हणाले असते तर पुन्हा घासाघीसच. म्हणून दर ठरवताना त्याच कागदावर एक ओळ लिहावी: 'मोजमाप आय. एस. १२०० प्रमाणे, दोघांसमक्ष.' नियम पसंत नसेल तर 'दारं-खिडक्या पूर्ण वजा' असं लिहून दर थोडा वाढवून द्यावा, तेही चालतं. मात्र ठरवायचं ते ब्रश भिंतीला लागण्याआधी. तेव्हा कुणालाच ठाऊक नसतं, की कोणत्या नियमाने कुणाचे किती जाणार.

आता बाथरूमच्या टाइल्स बदलायच्या आहेत. या खेपेला कागद आधी, फरशी मागून!