‘हो, दिसतोय’च्या पुढचं वाक्य

संवाद साधणाऱ्या मॉडेलांची मराठी उत्तरं तपासायची आणि जिथं उत्तर फसतं तिथं चांगल्या उत्तराचा नमुना लिहून द्यायचा, हे माझं काम. त्यात एक प्रश्न रोज भेटतो. माणूस फोटो टाकतो आणि आपलं काम सांगण्याआधी विचारतो, ‘फोटो दिसतोय का?’ कुणी ‘आला का?’ म्हणतं, कुणी ‘ओपन होतोय ना?’ म्हणतं.

हा प्रश्न कुठून येतो ते आधी पाहू. विचारणाऱ्याच्या पडद्यावर फोटोची छोटी चौकट दिसत असते, पण पलीकडे काय पोचलं ते त्याला कळत नाही. नेट हळू असतं, गोल फिरणारं चक्र मध्येच थांबतं. आता त्याला मोबाइलवर बोटानं लांबलचक हकिगत लिहायची आहे. ती लिहिण्याआधी तो खात्री करून घेतो. म्हणजे त्याला फोटोचं वर्णन नको असतं. पुढची मेहनत वाया जाणार नाही, एवढी हमी हवी असते. म्हणून उत्तर आखूड हवं आणि खरं हवं. आखूडपणा शिकवता येतो, खरेपणाचं काम अवघड आहे.

अवघड का, ते समजायला मॉडेलला फोटो ‘दिसतो’ म्हणजे काय होतं ते थोडं सांगायला हवं. अॅप बहुधा फोटो आधी लहान करतं. मग त्याचे चौकोनी तुकडे पडतात. २०२० साली गूगलच्या संशोधकांनी मांडलेल्या व्हिजन ट्रान्सफॉर्मर पद्धतीत १६ × १६ पिक्सेलचा एक तुकडा धरला होता. २२४ पिक्सेल बाजूच्या चौकोनी चित्राचे असे १९६ तुकडे होतात. प्रत्येक तुकड्याची आकड्यांची एक ओळ बनते आणि या ओळी माणसानं लिहिलेल्या शब्दांच्या शेजारी मॉडेलपुढे मांडल्या जातात. आजची मॉडेलं याहून मोठी चित्रं घेतात, पण मूळ रीत बरीचशी हीच आहे. फोटो वाटेतच अडकला, तर मॉडेलपुढे नुसते शब्द उरतात. इथं एक फोटो यायचा होता, असं सांगणारी रिकामी जागा तिथं असतेच असं नाही. कधी कधी फाइलचं नाव तेवढं पोचतं.

मग ‘दिसतोय का?’ एवढ्या शब्दांवरून मॉडेल काय म्हणणार? त्यानं वाचलेल्या संभाषणांत अशा प्रश्नाला उत्तर बहुतेक वेळा ‘हो’ असंच आलेलं असतं, म्हणून तेही ‘हो’ म्हणतं. या ओढीचं मोजमापही झालेलं आहे. चित्र पाहून प्रश्नांची उत्तरं देण्याच्या एका प्रसिद्ध प्रश्नसंचाची तपासणी यश गोयल, देवी पारिख आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी २०१७ साली प्रसिद्ध केली. त्या संचात ‘तुम्हाला अमुक दिसतंय का’ अशा अर्थानं सुरू होणाऱ्या प्रश्नांना, पुढचा प्रश्न न वाचता आणि चित्र न पाहता, डोळे झाकून ‘हो’ म्हटलं तरी ८७ टक्के गुण मिळत होते. कारण सरळ आहे. चित्रात नसलेल्या वस्तूबद्दल माणसं सहसा विचारतच नाहीत. आमच्या प्रश्नातही तेच घडतं: फोटो टाकलेलाच नाही आणि कुणी ‘दिसतोय का’ विचारतंय, हे विरळा. त्यामुळे नुसत्या ‘हो’ला पुरावा म्हणून काही किंमत उरत नाही. फोटो असला काय, नसला काय, तो ‘हो’ सारखाच ऐकू येतो.

डोळ्यांचे डॉक्टर ‘दिसतंय’ या शब्दावर भागवत नाहीत, खालची ओळ वाचून दाखवायला सांगतात. आणि तक्ता पाठ असेल तर त्या वाचण्यालाही अर्थ राहत नाही. मॉडेलच्या उत्तराला मी हेच माप लावते. ‘हो’च्या पुढच्या वाक्यात निदान एक गोष्ट अशी हवी, जी फोटो पाहिल्याशिवाय सांगताच आली नसती.

एक उदाहरण सविस्तर घेते. समजा, एका शेतकऱ्यानं लिहिलं, ‘आमच्या शेताच्या सातबाऱ्याचा फोटो टाकलाय, दिसतोय का?’ फोटो संगणकावरून काढलेल्या छापील पानाचा आहे. कागद घडी घातलेला, फोटो जरा तिरपा, उजवी कड चौकटीबाहेर गेलेली, खालचा कोपरा हाताच्या सावलीत. आता तीन उत्तरं पाहा.

पहिलं: ‘हो, तुमच्या शेताचा सातबारा मला स्पष्ट दिसतोय. काय मदत करू?’ ऐकायला गोड आहे, पण यातला प्रत्येक तपशील शेतकऱ्याच्याच संदेशातून उचललेला आहे. शेत त्यानंच सांगितलं, सातबारा त्यानंच सांगितला. वर ‘स्पष्ट’ हा शब्द तर निराधार आहे. दुसरं उत्तर उलट टोकाचं: गटक्रमांक, भोगवटादारांची नावं, क्षेत्र, आकार, फेरफार क्रमांक, सगळं एका दमात उतरवून काढणारं. इथं फोटो पाहिल्याची खात्री पटते, पण माणसानं अजून काही मागितलेलंच नाही, आणि त्या गर्दीत एखादा आकडा चुकीचा वाचला गेला तर तो कुणाच्या लक्षातही येणार नाही. तिसरं उत्तर मी नमुना म्हणून लिहिते: ‘हो, फोटो आलाय. सातबाऱ्याचं छापील पान आहे, वर गटक्रमांक ११२ वाचता येतो. मात्र उजवीकडचा “कुळ, खंड व इतर अधिकार” हा रकाना चौकटीबाहेर गेलाय आणि खाली डावीकडे सावली आहे. यात काय पाहायचं आहे?’

तिसऱ्या उत्तरातला गटक्रमांक हा पुरावा झाला. शेतकरी हातातल्या कागदाकडे एक नजर टाकून तो पडताळू शकतो. पण त्याहून मोलाचं आहे ते ‘मात्र’च्या पुढचं. सातबाऱ्यावर कर्जाचा बोजा असेल, तर त्याची नोंद इतर अधिकारांच्या रकान्यात असते. शेतकऱ्याला पुढे हेच विचारायचं असेल की बँकेचा बोजा उतरला का, तर कापला गेलेला रकाना हाच त्याच्या कामाचा होता. पहिल्या उत्तरावर विसंबून त्यानं विचारलं असतं आणि मॉडेलला बोजा ‘दिसला नसता’. नोंद नाही म्हणून न दिसणं आणि कागदाची कड नाही म्हणून न दिसणं, यातला फरक सुरुवातीलाच सांगितला नाही तर पुढे तो कुणालाही कळत नाही.

आकड्यांच्या बाबतीत मी विशेष आग्रही आहे. मोबाइलचा फोटो ४००० पिक्सेल लांबीचा असला आणि अॅपनं तो १००० वर आणला, तर २० पिक्सेल उंचीचं अक्षर ५ पिक्सेलचं होतं. एवढ्यात अनुस्वार आणि दशांशचिन्ह टिकत नाही. जुन्या हस्तलिखित उताऱ्यांवर देवनागरी १ आणि ९ एकमेकांत मिसळतात. माणसाच्या पडद्यावर मात्र तोच फोटो बोटानं मोठा करून लख्ख वाचता येतो, म्हणून त्याला शंकाही येत नाही. अशा वेळी ‘फोटो आलाय, मथळे वाचता येतात, पण क्षेत्राचे आकडे लहान पडलेत, तेवढ्याच भागाचा जवळून फोटो मिळाला तर बरं’ हे प्रामाणिक उत्तर. दिसणं आणि वाचता येणं या दोन वेगळ्या गोष्टी आहेत, आणि उत्तरात त्या वेगळ्याच राहिल्या पाहिजेत.

हे मॉडेलला जमतंय का, ते तपासायची माझी रीत अशी. प्रश्न तोच ठेवायचा आणि फोटो बदलायचा. एकदा सातबारा, एकदा काहीच नाही, एकदा कोरं करडं चित्र, आणि एकदा भलताच फोटो, उदाहरणार्थ वीजबिलाचा. चारही उत्तरं शेजारी ठेवली की खोट लगेच उघडी पडते. फोटो नसतानाही सातबारा ‘दिसत’ असेल, तर ते उत्तर शब्दांवरून बेतलेलं आहे. वीजबिलाला मॉडेल सातबारा म्हणत असेल तरीही तेच. फाइलचं नावही बदलून पाहावं लागतं: ‘satbara_112.jpg’ या नावाची फाइल पाठवली आणि आत झाडाचा फोटो ठेवला, तर गटक्रमांक ११२ आहे असं सांगणारं मॉडेल नाव वाचत असतं. गोयल-पारिख यांच्या गटानंही उपाय याच धर्तीचा केला होता. एकाच प्रश्नासाठी दिसायला जवळची, पण उत्तर वेगळं असणारी दोन चित्रं जोडीनं ठेवली, म्हणजे चित्र पाहिल्याशिवाय दोन्हीकडे गुण मिळणं कठीण.

फोटो पोचलाच नसेल तर उत्तर आणखी आखूड हवं. ‘नाही, तुमचा संदेश आलाय पण त्यासोबत फोटो आलेला नाही. पुन्हा जोडून पाठवाल का? न जमल्यास स्क्रीनशॉट काढून तो पाठवा.’ इथं दोन गोष्टी हटकून बिघडतात. मॉडेल कारणं सांगत सुटतं, नेट गेलं असेल, फाइल मोठी असेल, फॉरमॅट चुकला असेल. यातलं काहीच त्याला माहीत नसतं. किंवा ते म्हणतं, ‘मला फोटो पाहता येत नाहीत.’ पाहता येत असूनही असं म्हटलं की माणूस दुसऱ्यांदा फोटो पाठवतच नाही. हा फोटो आला नाही, एवढंच विधान करावं. स्क्रीनशॉटचा सल्ला मात्र कामाचा आहे, कारण आयफोनमधले HEIC प्रकारचे फोटो काही अॅप घेत नाहीत आणि स्क्रीनशॉट सहसा चालतो. तीन फोटो पाठवले म्हणणाऱ्याचे दोनच आले असतील, तर कोणते दोन आले हे एकेका शब्दात सांगावं, म्हणजे राहिलेला कोणता ते त्याला आपसूक कळतं.

पुढचा प्रश्न विचारायचा की नाही, हे आधी काय बोलणं झालंय त्यावर ठरतं. शेतकऱ्यानं दोन संदेशांपूर्वीच ‘बोजा आहे का बघायचंय’ असं लिहिलं असेल, तर ‘काय पाहायचं आहे?’ हे विचारणं म्हणजे त्याचं ऐकलंच नाही असं होतं. तिथं होकार, खूण, आणि लगेच काम: ‘बोजा पाहायला उजवा रकाना लागेल, तो कापला गेलाय, तेवढा पाठवा.’ आधी काहीच ठरलं नसेल, तर एकच प्रश्न विचारून थांबावं. सारांश हवा, भाषांतर हवं की मजकूर उतरवून हवा, अशी यादी पुढे केली की माणूस आपलं काम बाजूला ठेवून त्या यादीत शोधत बसतो.

खूण कोणती निवडायची यालाही मर्यादा आहे. आधार कार्डाच्या फोटोबाबत पुरावा म्हणून नंबर वाचून दाखवू नये. ‘कार्डाची मागची बाजू आहे, पत्ता दोन भाषांत छापलाय’ एवढं पुरतं. रक्ततपासणीच्या अहवालाबाबत ‘अहवालाचं पहिलं पान आहे, हिमोग्लोबिनची ओळ वाचता येते’ असं म्हणावं. आकडा कमी आहे की जास्त, हे माणसानं विचारल्यावर. फोटो आला का, असं विचारणाऱ्या माणसाला न मागता आजाराची बातमी देणं मला क्रूर वाटतं, आणि तसे नमुने मी परत पाठवते.

आणखी एक प्रसंग अलीकडे जास्त दिसू लागलाय. संभाषण लांबलं की काही अॅप जुने फोटो पुढे पाठवणं बंद करतात, बोललेले शब्द मात्र राहतात. तासाभरानं शेतकरी विचारतो, ‘मघाचा सातबारा अजून दिसतोय ना?’ मॉडेलपुढे त्याचंच पहिलं उत्तर असतं, गटक्रमांक ११२ सकट, आणि तो क्रमांक पुन्हा म्हणून दाखवणं अगदी सोपं असतं. इथं जुनी खूण चालत नाही. फोटो खरंच समोर असेल तर आधी न बोललेली एखादी नवी गोष्ट त्यातून सांगावी. नसेल तर म्हणावं, ‘फोटो आता माझ्यासमोर नाही, मघाशी त्याबद्दल जे बोललो तेवढं आहे, क्षेत्र तपासायचं असेल तर पान पुन्हा पाठवा.’