काढायचा की ओढायचा?

'इम्पॅक्टेड अप्पर लेफ्ट कॅनाइन. काइंडली डू द नीडफुल.' नांदेडहून लातूरच्या ओरल सर्जनना मी दिलेली चिठ्ठी एवढीच होती. खाली सही आणि शिक्का.

दुपारी त्यांचा फोन आला. "डॉक्टर, नीडफुल म्हणजे काय करू? दात काढू, की मोकळा करून देऊ? पोरगी खुर्चीत बसलीय."

मी ओशाळलो. मुलगी १४ वर्षांची, लोह्याकडची. वरचा पक्का सुळा अकराव्या-बाराव्या वर्षी येतो. हिच्या डाव्या बाजूला दुधाचाच सुळा घट्ट बसलेला, पक्का हाडात अडकलेला. वडील शेतातलं काम टाकून पहाटेच्या एसटीनं तिला घेऊन गेले होते. सर्जननी काहीच न करता परत पाठवलं, आणि बरोबरच केलं. काढलेला सुळा परत बसवता येत नाही.

रात्री बसून दुसरी चिठ्ठी लिहिली. पहिल्याच ओळीत मागणी: दुधाचा सुळा काढावा, पक्का काढू नये, तो टाळूकडून उघडून त्यावर बटण आणि बारीक साखळी चिकटवून द्यावी. ऑर्थोडॉन्टिस्टनी तार लावून ८ मिलिमीटर जागा केली आहे, त्यांचा नंबर खाली.

'टाळूकडून' हा शब्द लिहायला मला दोन एक्स-रे लागले. ओपीजीत दात तिरका पडलेला दिसतो, पण टाळूच्या बाजूला की ओठाच्या, हे खात्रीनं कळत नाही. म्हणून छोटा एक्स-रे काढला, मग मशीनची नळी दाढांकडे सरकवून दुसरा. शेजारच्या मुळांच्या मानानं सुळाही दाढांकडेच सरकलेला दिसला. नळीबरोबर जातो तो टाळूकडचा, उलटा पळतो तो ओठाकडचा. टाळूवर बोट फिरवल्यावर टणक उंचवटाही लागत होता. चिरा कुठं द्यायचा ते यावरच ठरतं.

सुळ्याचं टोक शेजारच्या पटाशीच्या मुळावर आलेलं होतं. ते मूळ झिजतंय का, हे अशा सपाट चित्रात नीट दिसत नाही, म्हणून आधी सीबीसीटी करावी असं लिहिलं. सुळा हाडाला चिकटलेला निघाला तर साखळीनं हलणार नाही. तसं वाटल्यास पुढं जाण्याआधी फोन करावा, हेही.

शेवटी मुलीच्या आईला फोन लावून औषधांचं विचारलं. "लहानपणी पेनिसिलिनचं इंजेक्शन दिलं तवा अंगभर गांधी उठल्या होत्या की." पहिल्या चिठ्ठीत हे नव्हतं. आता लाल शाईनं, सगळ्यात वर लिहिलं.

या खेपेला लातूरहून प्रश्न आला नाही, साखळीचा फोटो आला. सुळा रांगेत यायला सव्वा वर्ष लागलं.