तव्यावरचे अंडे

अंडे तळण्याची विद्या आपणांस अवगत आहे, असा आमचा सुमारे तीस वर्षे समज होता. तवा तापवावा, त्यावर तुपाचा गोळा सोडावा, अंडे फोडावे आणि कडा करपण्यापूर्वी ते ताटलीत उतरवावे, एवढ्यातच ही विद्या संपते असे आम्ही मानीत आलो. बलक पातळ राहिला पाहिजे, याविषयी मात्र आमचा मोठा कटाक्ष असे. पोळीचा तुकडा बुडविताच जो ओघळत नाही, तो बलक आम्हांस वाया गेल्यासारखा वाटे. गेल्या हिवाळ्यात आमची कन्या बाळंतपणासाठी माहेरी आली आणि डॉक्टरांनी आमच्या या अभिरुचीवर घाला घातला. अंडी रोज द्या, पण बलक पातळ नको; पांढरे नि पिवळे दोन्ही पुरते शिजलेले हवे, असे त्यांचे सांगणे. अर्धवट शिजलेल्या अंड्यात साल्मोनेला नावाचे जंतू जिवंत राहण्याचा संभव असतो आणि गर्भवतीस ते धोक्याचे, हे कारणही त्यांनी सांगितले.

आम्ही म्हटले, यात काय कठीण आहे? दोन मिनिटांऐवजी पाच मिनिटे ठेवले की झाले. त्याप्रमाणे ठेवले. पांढऱ्याची खालची बाजू तपकिरी होऊन चामड्यासारखी चिवट झाली, कडा कुरकुरल्या. आणि चमचा घातला तो बलकाच्या पोटातून पिवळा ओघळ बाहेर आलाच! कन्येने ताटली मुकाट्याने बाजूस सारली. सौभाग्यवतींस मात्र गप्प राहवले नाही. “अहो, हे अंडे तळलेत की जोड्याचा तळवा?” असे त्यांनी विचारले, आणि त्या प्रश्नास आमच्यापाशी उत्तर नव्हते.

उत्तर शोधताना आम्हांस जे कळले, ते आधीच कळावयास हवे होते. अंड्याचे पांढरे हा एकच पदार्थ नव्हे. त्यातील एक घटक साठ अंशांच्या किंचित वर गेला की गोठू लागतो आणि पांढऱ्याला दुधी रंग येतो. परंतु ज्याचा त्यात सर्वांत मोठा वाटा, तो घटक ऐंशी अंशांच्या सुमारास कोठे घट्ट होतो. बलक पासष्टाच्या आसपास दाटू लागतो आणि सत्तरापर्यंत थिजतो. म्हणजे उष्णतेच्या हिशेबाने पाहिले, तर बलकाने आधी शिजावे आणि पांढऱ्याने मागून. तव्यावर नेमके उलटे घडते, कारण बलक उंचावर बसलेला असतो आणि त्याच्या खाली पांढऱ्याची गादी असते. उष्णता येते ती खालून, त्या गादीतून, हळूहळू. आच वाढविली म्हणजे बलक लवकर शिजतो, ही आमची समजूत म्हणूनच चुकीची होती. वाढलेली आच गादीचा तळ करपविते, आणि वरच्या मजल्यावर तिची वार्ताही पोहोचत नाही. बलक घट्ट हवा असेल तर उष्णता वरून आली पाहिजे.

ती वरून आणण्याच्या रीती थोड्याच आहेत. अंडे उलटणे ही पहिली. पांढरे धरले की पातळ कालथा अलगद खाली सरकवावा आणि हलकेच उलटावे. अर्धे मिनिट ठेवले तर बलक पातळच राहतो, दीड-दोन मिनिटे ठेवले तर थिजतो. परंतु आमच्या हातून चार अंड्यांतील एक तरी फुटे. दुसरी रीत भरपूर तेलाची. स्पेनमध्ये ऑलिव्हच्या तेलाची जणू तळीच कढईत करतात, ते चांगले तापवितात, आणि अंडे त्यात पडताच गरम तेल चमच्याने त्याच्यावर उडवीत राहतात. मिनिटाभरात कडेला सोनेरी जाळी येते आणि वरचे पांढरे फुगून धरते. स्पेनचा चित्रकार वेलास्केझ याने 1618 साली सेव्हिल येथे काढलेले एक चित्र आज एडिंबरोच्या संग्रहालयात आहे. त्यात एक वृद्धा मातीच्या भांड्यात अंडी करीत बसली आहे आणि तिच्या हाती चमचा आहे. अंडी तेलात आहेत की पाण्यात, याचा वाद रसिकांनी घातलेला आहे. आम्ही तेलाच्या पक्षाचे. या रीतीत जाळी फार सुरेख येते, परंतु बलक पातळ ठेवणारांसाठीच ती योग्य. घट्ट करावयास जाल तर जाळीचा कोळसा होतो.

तिसरी रीत वाफेची, आणि तिच्यासाठी आम्हांस स्पेनला जाण्याचे कारण नव्हते. मुंबईचे पारशी भेंडी, टोमॅटो, बटाटा अशा शिजलेल्या भाजीत खळगे करून त्यांत अंडी फोडतात आणि वर झाकण ठेवून मंद आचेवर वाफेने ती शिजवितात. तेथे खालून भाजीचा ओलावा नि वरून वाफ, त्यामुळे तळ कधी चिवट होत नाही. आम्ही भाजी वगळली आणि युक्ती ठेवून घेतली.

आता स्निग्ध पदार्थ कोणता घ्यावा, हा प्रश्न उरला. आमच्या घरी साजूक तुपाचा अभिमान फार, पण तुपात एक उणीव आम्हांस आढळली. ते बोलत नाही. त्यात पाणी नाही, ताकाचा अंश नाही. ते पुष्कळ तापले तरी शांतच दिसते, आणि नवशिक्या अंडे टाकतो तेव्हाच त्याला समजते की उशीर झाला. लोण्याचे तसे नाही. बाजारच्या लोण्यात सुमारे सहावा हिस्सा पाणी असते. तव्यावर ते विरघळून फेसाळते, चुरचुरते, म्हणजे पाणी उडते आहे. फेस बसू लागला आणि आवाज मंदावला की अंडे सोडण्याची वेळ आली. खमंग वास सुटून तळाशी तांबूस कण दिसले तर तवा उतरवावा. घरच्या लोण्यात पाणी अधिक असल्यामुळे ते फार तडतडते, म्हणून आधी दाबून निथळून घ्यावे. जाळीदार कडा हव्या असतील तर मात्र तूपच घ्यावे, कारण लोण्यातले कण तेवढ्या आचेस जळतात. शेंगदाण्याच्या तेलाने काम होते, स्वाद येत नाही. खोबरेलाविषयी आमच्या कोकणी मित्रांशी भांडण नको म्हणून आम्ही मौन धरतो.

अंडे ताजे असावे, हेही खरे. जुन्या अंड्याचे पांढरे पाणीदार होऊन तवाभर पसरते आणि पापडासारखे पातळ भाग आधी करपतात. अंडे प्रथम वाटीत फोडले म्हणजे हे आधीच दिसते. फारच पाणी सुटले असेल तर ते गाळणीतून जाऊ द्यावे, उरलेला घट्ट भाग नीट उभा राहतो.

हल्ली सकाळी आम्ही जाड बुडाच्या तव्यावर चमचाभर लोणी घालतो, फेस बसला की आच अगदी बारीक करतो आणि दोन अंडी शेजारी शेजारी सोडतो. चुरचुर इतकी हलकी हवी की कान द्यावा लागेल. दोन मिनिटांत पांढरे दुधी होते, फक्त बलकाभोवतीचे कडे पारदर्शक राहते. मग तव्याच्या कडेस चहाचा एक चमचा पाणी सोडून लगेच झाकण घालतो. मिनिटाने झाकण काढले की ते कडेही धरलेले असते, बलकावर पातळ पांढुरकी साय आलेली असते, आणि चमच्याच्या पाठीने दाबले असता तो थरथरतो. हे अंडे आमचे. ते उचलून घेतो, लागल्यास आणखी थोडे पाणी सोडतो आणि झाकण पुन्हा ठेवतो. आणखी तीन मिनिटांनी दुसरे पाहतो. बलक चमच्याला दाद देईनासा झाला, की तो थिजला. तरीही पहिले काही दिवस आम्ही ते मधोमध कापून पाहिले. कापलेल्या जागी ओलसर चकाकी दिसली तर पुन्हा झाकणाखाली. पिवळे कोरडे नि एकजीव दिसले तरच ताटलीत. मीठ त्यानंतर.

पांढरे मऊ राहिले होते. कन्येने ते संपविले आणि म्हणाली, “बाबा, उद्या दोन करा.” सौभाग्यवतींनी आमच्या ताटलीतल्या ओघळाकडे पाहून तोंड फिरविले आणि विचारले, “आणि तो जोडा कोणी खायचा?” आम्ही म्हटले, आम्हीच.