चाळीस गुंठ्यांतले माझे किती?

नोटीस विकणाऱ्याच्या दोन बहिणींची होती. ओझरला महामार्गाच्या अंगाला मी घेतलेले चाळीस गुंठे त्यांच्या वडिलांचे होते. भावाने एकट्याने ते विकले, म्हणून खरेदीखत त्यांच्या हिश्श्यापुरते त्यांच्यावर बंधनकारक नाही, असा मजकूर. मी तो वाचला आणि सातबारा काढून बसलो. सातबाऱ्यावर आधी एकट्या भावाचे नाव होते, आता माझे होते. मग या दोघी आल्या कुठून?

निफाडच्या वकीलबाईंनी सातबारा बाजूला ठेवला आणि वारसाचा जुना फेरफार काढायला सांगितला. वडील वारल्यावर केलेल्या त्या नोंदीत वारस म्हणून फक्त मुलाचे नाव दिलेले होते. हरकत कोणी घेतली नाही, नोंद प्रमाणित झाली आणि पुढचे सगळे उतारे तिच्यावरूनच निघत गेले. "फेरफाराने मालकी येत नाही, जातही नाही," बाई म्हणाल्या. महसुली नोंद खरी मानतात, पण उलट शाबीत होईपर्यंतच. आणि तीन भावंडांचा जन्म उलट शाबीत करायला फारसे कष्ट पडत नाहीत.

विकणाऱ्याचे म्हणणे वेगळेच होते. बहिणींची लग्ने १९९४ च्या आधी झालीत, त्यांना हिस्सा नाहीच, असे तो ठामपणे सांगायचा. आमच्या भागात ही समजूत पारावर बसलेल्या कोणाकडूनही ऐकायला मिळते. तिचे मूळ खरे आहे. महाराष्ट्राने १९९४ साली मुलींना वडिलोपार्जित एकत्र मिळकतीत सहहिस्सेदार केले, तेव्हा आधी लग्न झालेल्या मुली वगळल्या होत्या. पुढे २००५ च्या केंद्राच्या दुरुस्तीने तो भेदही गेला. पण आमच्या प्रकरणात हा वादच लागू नव्हता. जमीन वडिलांनी स्वतः विकत घेतलेली, मृत्युपत्र नाही, आई आधीच गेलेली. अशा मिळकतीत मुलगा आणि मुली १९५६ च्या कायद्यापासूनच सारखे वारस आहेत. तिघांचा एकेक तृतीयांश.

म्हणजे त्याने मला चाळीस गुंठे लिहून दिले तरी त्याच्याकडे देण्याजोगे तेरा गुंठे आणि वर थोडे होते. खरेदीखत रद्दबातल नाही, ते तेवढ्यापुरते उभे आहे. आणि तेरा गुंठे कोणते, हे सरसनिरस वाटप होईपर्यंत कोणालाच बोट ठेवून दाखवता येत नाही.

मी विचारले, मी तर प्रामाणिकपणे, उतारा बघून, पूर्ण पैसे मोजून घेतली, त्याला काहीच किंमत नाही का? मालमत्ता हस्तांतरण कायद्याच्या ४१ व्या कलमात आहे, बाई म्हणाल्या, पण त्याला दोन कुलपे आहेत. खऱ्या मालकांनी स्वतःच्या संमतीने, उघड किंवा गर्भित, त्या माणसाला मालक म्हणून मिरवू दिलेले हवे. शिवाय घेणाऱ्याने वाजवी चौकशी केलेली हवी. बहिणींना फेरफाराची खबरच नसेल तर पहिलेच कुलूप उघडत नाही. या कलमावर सगळी भिस्त ठेवू नका, असे त्यांनी बजावले.

मग त्यांनी खरेदीखत पुढे ओढले. त्या कागदाची भाषा मी सही करताना कंटाळून ऐकली होती: मिळकतीवर अन्य कोणाचाही हक्क, हितसंबंध नाही, तसा कोणी निघाल्यास त्याचे निवारण लिहून देणार स्वखर्चाने करून देतील, लिहून घेणार यांस तोशीस लागू देणार नाहीत. साचेबंद वाटणारे हे वाक्य विकणाऱ्याविरुद्ध माझे हत्यार होते. आणि ते नसते तरी कलम ५५ प्रमाणे विकणारा आपल्याला विकण्याचा अधिकार असल्याची हमी देतोच, करार वेगळे सांगत नसेल तर. जेवढी जमीन हातून जाईल तेवढ्याची भरपाई त्याच्याकडून मागता येते. फौजदारीचेही बाईंनी स्पष्ट केले. सर्वोच्च न्यायालयाने २००९ साली बिहारच्या एका प्रकरणात म्हटले आहे की, दुसऱ्याची जमीन स्वतःची म्हणून विकणे म्हणजे खोटा दस्त बनवणे नव्हे, पण फसवलेला खरेदीदार फसवणुकीची तक्रार करू शकतो. ती तक्रार माझी, बहिणींची नव्हे. तक्रारीने दबाव येतो, जमीन येत नाही.

मला पैसे नको होते, जमीन हवी होती. आणि इथे ती गोष्ट कळली जी मला तोवर कोणी सांगितली नव्हती. बाईंनी विचारले, "वडिलांची जमीन एवढीच होती का?" नव्हती. बाणगंगेच्या बाजूला आणखी ऐंशी गुंठे होते, त्याच वडिलांच्या नावचे, अजून न विकलेले. एकूण एकशे वीस. तिघांना चाळीस-चाळीस.

त्यांनी कागदावर दोन चौकोन काढले. एका सहहिस्सेदाराने एक अख्खा गट विकला असेल, तर संपूर्ण मिळकतीच्या वाटपात तो गट शक्यतो विकणाऱ्याच्याच वाट्याला टाकावा, असे घेणाऱ्याला न्यायालयाकडे मागता येते. तसे झाले तर भावाचे चाळीस गुंठे म्हणजे माझेच चाळीस गुंठे, आणि बहिणींना नदीकडचे ऐंशी. हा पक्का हक्क नाही, न्यायाची सवलत आहे. इतरांचे नुकसान होणार नसेल तरच ती मिळते. हे कानावर जाताच धाकटी बहीण म्हणाली, रस्त्याकडची जमीन तुम्हाला आणि आतली आम्हाला? तिचे चुकत नव्हते. दोन्हीकडच्या गुंठ्याचा भाव सारखा नाही. तो फरक रोख रकमेने भरून द्यावा लागेल, किंवा माझ्या गटातला एखादा तुकडा सोडावा लागेल.

यासाठी एक अट मोडून चालत नाही: दोन्ही गट एकाच दाव्यात यायला हवेत. नोटिशीनंतर बहिणींनी वाटपाचा दावा लावला, पण फक्त माझ्या गटापुरता. बाईंनी कैफियतीत आधी तोच आक्षेप घेतला, नदीकडचा गटही वाटपात घ्यावा म्हणून. वाटपाच्या दाव्यात प्रतिवादीही आपला हिस्सा मागू शकतो, त्यावरचे न्यायालय शुल्क भरून. हिस्से ठरवणारा प्राथमिक हुकूमनामा झाला की शेतजमीन प्रत्यक्ष वाटायला प्रकरण जिल्हाधिकाऱ्यांकडे जाते, आणि तिथून मोजणी, बांध, नवे सातबारे.

दरम्यान भाऊ एक प्रस्ताव घेऊन आला. मोठी बहीण त्याच्या नावे हक्कसोड करायला तयार आहे, आपण जुना व्यवहार रद्द करून नवा दस्त करू. बाईंनी हात वर केला. रद्दलेखावर सही करायची नाही. विकणाऱ्याने चुकीचे सांगून जास्त विकले आणि नंतर तो हिस्सा त्याच्याकडे आला, तर खरेदीदार कलम ४३ प्रमाणे तो आपल्याकडे मागू शकतो, पण तोवर मूळ व्यवहार जिवंत असला पाहिजे. हक्कसोड नोंदणीकृत होऊ द्या, दस्ताला हात लावू नका. त्याहून सरळ वाट म्हणजे मोठ्या बहिणीनेच मला तिच्या हिश्श्याचे खरेदीखत करून द्यावे. त्यावर बोलणे चालू आहे, आणि पैसे भावाने द्यायचे की मी, यावर अडले आहे.

शेतात मी द्राक्षबाग धरणार होतो. अँगल आणि तारेचा भाव ठरला होता. बाईंनी थांबवले. आपण मालक आहोत या समजुतीने केलेल्या सुधारणेचे मोल मागता येते, नोटीस हातात आल्यावर केलेल्या खर्चामागे ती समजूत होती असे म्हणता येत नाही. म्हणून यंदा सोयाबीन पेरले.

आता सगळ्यात निकडीचे काम नदीकडच्या गटाचे आहे. भावाने तिथे गिऱ्हाईक फिरवल्याची बातमी आली. तो गट गेला तर बहिणींना द्यायला काही उरणार नाही, आणि माझे चाळीस गुंठे तेरावर येतील. विक्रीला मनाई मिळावी म्हणून आम्ही अर्ज दिला आहे, आणि त्यावर बहिणींच्या वकिलांनीही ना हरकत लिहून दिली आहे. पुढच्या तारखेला युक्तिवाद आहे.