पैलवानाचे मांस जाते कोठे?

व्यायाम सोडला की कमावलेल्या मांसाची चरबी होते, ही समजूत आपल्याकडे इतकी रुजलेली आहे की तालमीत मुलाला घालण्यापूर्वी आई-वडील तिच्याच भीतीने माझ्याकडे सल्ल्याला येतात. वाचकहो, ही समजूत चुकीची आहे. पण ती डोळ्यांना दिसणाऱ्या गोष्टीवरून तयार झालेली आहे, म्हणून तिला नुसते 'खोटे' म्हणून भागत नाही.

माझ्याकडे आंबेगाव तालुक्याच्या पश्चिम भागातले रुग्ण येतात. डिंभे धरणाच्या पाण्याला वळसा घालून अगदी कड्याच्या टोकाला असलेल्या आहुपे गावापासूनचे. तिथला एक तरुण पैलवानकीसाठी खाली तालमीत राहिला होता. रोज पहाटे जोर-बैठका, संध्याकाळी लाल मातीत लढती आणि त्याला साजेसा खुराक: म्हशीचे दूध, तूप, बदाम, अंडी, मटण. वयाच्या सत्ताविसाव्या वर्षी त्याला चाकणला कंपनीत पाळ्यांची नोकरी लागली आणि तालीम सुटली. त्या वेळी त्याचे वजन 82 किलो, कंबर 86 सेंटिमीटर आणि गुडघ्याच्या वाटीपासून 15 सेंटिमीटर वर मोजलेली मांडी 60 सेंटिमीटर होती. दीड वर्षाने तो पुन्हा आला तेव्हा वजन 90, कंबर 102 आणि मांडी 56 होती. "डॉक्टरसाहेब, सगळ्या मांसाची चरबी झाली," असे तो म्हणाला. सोबत आलेल्या त्याच्या चुलत्यांचेही तेच मत होते.

आकडे पुन्हा पाहा. मांडी घटली आहे आणि कंबर वाढली आहे. मांडीच्या मांसाची चरबी झाली असती, तर ती मांडीतच झाली असती. मांसाचे पोटात स्थलांतर होत नाही.

स्नायू आणि चरबी या दोन निरनिराळ्या पेशींच्या वस्त्या आहेत. स्नायूची पेशी म्हणजे लांबलचक तंतू. तिच्या आत आकुंचन पावणाऱ्या प्रथिनांच्या दोऱ्या खच्चून भरलेल्या असतात आणि एकाच पेशीला शेकडो केंद्रके असतात. चरबीची पेशी म्हणजे तेलाचा एक मोठा थेंब आणि त्याभोवती ताणलेले पातळ आवरण. पहिलीचे काम ओढण्याचे, दुसरीचे साठवण्याचे. ताज्या मांसात सुमारे तीन चतुर्थांश पाणी आणि एक पंचमांश प्रथिने असतात, तर चरबीच्या ऊतीत बहुतांश तेलच असते. प्रथिनांत नत्र असतो, तेलात तो मुळीच नसतो.

मग स्नायू जातो कोठे? तो कधीच स्थिर नसतो. त्यातली प्रथिने रोज थोडी मोडतात आणि तेवढीच नव्याने बांधली जातात. व्यायाम हा बांधणीचा हुकूम असतो. हुकूम थांबला की मोडणी चालू राहते आणि बांधणी मागे पडते. मोडलेल्या प्रथिनांची अमिनो आम्ले होतात. काही अन्यत्र वापरली जातात, उरलेली यकृतात इंधन म्हणून खर्ची पडतात आणि त्यांतला नत्र युरियाच्या रूपाने लघवीवाटे निघून जातो. तंतू मरत नाहीत, बारीक होतात. विशेषतः झटक्याच्या ताकदीचे, कुस्तीत कमावलेले तंतू अधिक बारीक होतात.

यावर एखादा चिकित्सक वाचक विचारील की अमिनो आम्लांतला कार्बन शेवटी चरबीत जाऊ शकतो ना? रसायनशास्त्राच्या दृष्टीने थोडासा जाऊ शकतो. तेव्हा हिशोबच करू. या तरुणाचा स्नायू अंदाजे 4 किलो घटला असे धरू. त्यात प्रथिने सुमारे 800 ग्रॅम, म्हणजे 3200 कॅलरी. त्यांचा शेवटचा कणही चरबीत गेला असे मानले (प्रत्यक्षात तसे कधी होत नाही) तरी एका किलो चरबीला सुमारे 7700 कॅलरी लागतात, म्हणून अर्धा किलोसुद्धा चरबी तयार होणार नाही. त्याची चरबी मात्र 12 किलोच्या आसपास वाढली होती, कारण 4 किलो जाऊनही वजन 8 किलोने चढले होते.

ही 12 किलो आली खुराकातून. 12 किलोंच्या सुमारे 92,000 कॅलरी दीड वर्षाच्या दिवसांवर वाटल्या, तर रोजच्या 170 पडतात. म्हणजे पेलाभर म्हशीच्या दुधाहूनही कमी! तालीम सुटली, पण भूक आणि सवय सुटली नाही. घरच्यांनीही 'पोरगा वाळला' म्हणून ताटात जास्तच वाढले. त्यांना तसे वाटण्यालाही कारण आहे. व्यायाम थांबल्यावर पहिल्या पंधरवड्यात स्नायूंतला साखरेचा साठा घटतो आणि त्याने धरून ठेवलेले पाणीही निघून जाते. दंड सैल दिसतात. ताकद मात्र तीन-चार आठवडे बहुतेक टिकून असते.

चरबीच्या पेशींत काय घडते? मोठेपणी त्यांची संख्या फारशी बदलत नाही, असलेल्या पेशीच फुगत जातात. शिवाय निष्क्रिय स्नायू रक्तातली साखर आणि स्निग्धांश पूर्वीइतके ओढून घेत नाही, इन्सुलिनला त्याचा प्रतिसाद थोड्याच दिवसांत मंदावतो. म्हणून जेवणातला उरलेला भाग चरबीच्या पेशींकडे वळतो. दोन्ही घटनांना निमित्त एकच असते, पण घटना दोन असतात.

त्या वेगळ्या असतात याचा पुरावा आहुप्यातच आहे. हिरडा काढताना झाडावरून पडलेल्या माणसाच्या पायाला सहा आठवडे प्लास्टर घालावे लागते. प्लास्टर कापल्यावर तो पाय चरबीने भरलेला नसतो, दुसऱ्या पायाहून सरळ बारीक निघतो. तसेच, जन्मभर भातखाचरांत आणि घाटवाटांवर राबलेले म्हातारे काम थांबवतात तेव्हा त्यांच्या मांड्या वाळतात, पोट मात्र सुटत नाही. कारण त्यांचे ताट कामाबरोबरच लहान होते.

एक अपवादासारखी दिसणारी गोष्ट सांगायला हवी. दीर्घकाळ अंथरुणाला खिळलेल्या किंवा फार वृद्ध माणसाच्या एमआरआयमध्ये स्नायूच्या तंतूंच्या अधेमधे चरबीच्या रेघा दिसतात. तिथेही तंतूची चरबी झालेली नसते. तंतूंमधल्या जागेत राहणाऱ्या वेगळ्या मूळ पेशींपासून ती चरबी तयार होते.

तालीम सोडणाऱ्याला मी दोन गोष्टी सांगतो. खुराक त्याच आठवड्यात कमी करायचा, महिन्याने नव्हे. आणि आठवड्यातून एक-दोनदा तरी व्यायाम करायचा. वेळ थोडा चालेल, पण कस पूर्वीचाच हवा, कारण तेवढ्यावर ताकद बरेच महिने टिकते. वजनकाट्यावर विसंबू नये. 3 किलो स्नायू जाऊन 3 किलो चरबी आली तर काटा हलतही नाही. टेपने महिन्यातून एकदा कंबर आणि मांडी मोजावी. पुरुषाची कंबर 90 आणि स्त्रीची 80 सेंटिमीटरच्या पुढे गेली, तर रक्तदाब आणि साखर तपासून घ्यावी.

त्या तरुणाने पाळी सांभाळून आठवड्यातून तीन दिवस बैठका आणि जोर पुन्हा सुरू केले, दूध-तूप निम्म्यावर आणले. चौथ्या महिन्यात त्याची मांडी 59 सेंटिमीटर भरली. एकदा कमावलेला स्नायू दुसऱ्यांदा लवकर भरतो. कंबर तोवर फक्त 97 वर आली होती.