पळसाचा रंग आणि कारखान्याचा रंग

कर्जतहून खोपोलीकडे जाणाऱ्या लोहमार्गावर पळसदरी नावाचे जे लहानसे स्थानक आहे, त्याच्या आसपासच्या उतारांवर माघ संपता संपता पळस फुलू लागतो. आणि तेथून फार दूर नाही अशा, खालापूर तालुक्याच्या पश्चिम अंगास वसलेल्या रसायनीत, हिंदुस्तान ऑर्गॅनिक केमिकल्स या १९६० साली स्थापन झालेल्या सरकारी कंपनीचा कारखाना अनेक वर्षे अ‍ॅनिलीन तयार करीत होता. ज्या द्रव्यापासून आधुनिक कृत्रिम रंगांचे अवघे घराणे विस्तारले ते द्रव्य आणि ज्या फुलापासून शिमग्याचा रंग पूर्वापार निघत आला ते फूल, ही दोन्ही एकाच मुलखात सुखेनैव नांदावीत, हा योग रंगरसायनाचा अभ्यास करण्यात आयुष्य घालविलेल्या माणसास चटकन विसरता येण्याजोगा नाही. दिवाळीच्या ऐन थंडीत फाल्गुनाची वार्ता काढण्याचे कारण एवढेच, की फुले गोळा करावयाची तयारी आतापासूनच मनाशी ठरवावी लागते. धुळवडीच्या आदल्या दिवशी जागे होणाऱ्याच्या वाट्यास बाजारातली पुडीच येते.

या दोन रंगांचा इतिहास विलायतेत एकाच कुटुंबात येऊन मिळाला आहे. विल्यम हेन्री पर्किन या अठरा वर्षांच्या विद्यार्थ्याने १८५६ साली क्विनीन तयार करण्याच्या खटपटीत अ‍ॅनिलीनपासून जांभळा रंग हस्तगत केला आणि कृत्रिम रंगांच्या धंद्याचा पाया घातला. त्याच्याच पुत्राने, आर्थर जॉर्ज पर्किन याने, वनस्पतिज रंगांच्या पृथक्करणास स्वतःस वाहून घेतले आणि विसाव्या शतकाच्या आरंभी आपल्या पळसाच्या फुलातील रंगद्रव्याची शहानिशा केली. त्या द्रव्यास पळसाच्या तत्कालीन शास्त्रीय नावावरून ‘ब्यूटीन’ म्हणतात. बापाने जे बाजारातून हद्दपार करण्याची सोय केली, त्याचीच नोंद मुलाने दप्तरी करून ठेवावी, हा नियतीचा विनोद मला नेहमीच मार्मिक वाटत आला आहे.

कृत्रिम रंग मुळातच दुष्ट आहेत, असे माझे मत नाही. ते ज्या कामासाठी घडविले गेले त्या कामात ते निष्णात आहेत. मॅलाकाइट ग्रीन, ऑरामीन, ऱ्होडामीन, मिथिल व्हायोलेट ही जी नावे शिमग्याच्या स्वस्त रंगांच्या संदर्भात वारंवार कानी येतात, ती सारी कागद, ताग, रेशीम, लोकर अशा जिनसा रंगविण्यासाठी सिद्ध झालेल्या रंगांची आहेत. त्यांच्या कणांवर धनभार असल्यामुळे रेशमाच्या अथवा लोकरीच्या प्रथिनास ते घट्ट धरून बसतात, आणि माणसाची कातडी व केस हीही प्रथिनाचीच बनलेली असल्याने तेथेही ते तसेच धरून बसतात. तीन-तीन दिवस न निघणाऱ्या ज्या हिरव्या तोंडाचे पोरांना भारी कौतुक वाटते, ते रंगाच्या उत्तमपणाचे प्रमाण नसून कातडीस कापडाप्रमाणे वागविल्याचे प्रमाण आहे. डोळ्यात गेल्यास मॅलाकाइट ग्रीन बुबुळाच्या पृष्ठभागास इजा करते, आणि पोटात जाण्यास तर ते कोणत्याही अंशाने योग्य नाही. मार्च २०१२ मध्ये धारावीतील दीडशेहून अधिक माणसांना, ज्यांत बहुसंख्य मुले होती, रंग खेळल्यावर मळमळ, ओकाऱ्या व भोवळ येऊ लागल्याने मुंबईच्या शीव रुग्णालयात आणावे लागले होते, हे पुष्कळांच्या स्मरणात असेल.

हे रंग अंगावरून निघाले म्हणजे प्रकरण मिटले, असेही नाही. भिवपुरी व खोपोली येथील टाटांच्या वीजगृहांतून सुटणाऱ्या पाण्यामुळे उल्हास आणि पाताळगंगा या नद्या उन्हाळ्यातही वाहत्या राहतात खऱ्या. परंतु डोंगरातल्या ओढ्यांचे त्या दिवसांत नुसते डोह उरलेले असतात, आणि कातकरी मंडळी ज्या डोहात मासे धरतात त्याच डोहात धुळवडीची अंघोळ होते. मॅलाकाइट ग्रीन माशाच्या शरीरात गेले म्हणजे त्याचा रंग उडतो, पण द्रव्य जात नाही. ते बिनरंगी रूप धारण करून मांसात दीर्घकाळ राहते, आणि डोळ्यांना काही दिसत नाही म्हणून कोणास संशयही येत नाही.

आता पळसाकडे वळू. पळसाचा रंग कातडीस जवळजवळ धरत नाही, आणि कापडासही तुरटीची जोड दिल्यावाचून पक्का बसत नाही; रंगाऱ्याच्या दृष्टीने हा त्याचा मोठाच उणेपणा असून त्याच उणेपणामुळे तो शिमग्यास लायक ठरतो. फूल हाती घेऊन पाहिले म्हणजे त्याचे दोन भाग स्पष्ट दिसतात: केशरी, पोपटाच्या चोचीसारख्या वाकलेल्या पाकळ्या, आणि त्यांच्या तळाशी काळपट तपकिरी, मखमली लव असलेले निदलपुंजाचे टोपण. कर्जत तालुक्यातील एका आश्रमशाळेत मुलांकडून रंग करवून घेत असता शेजारच्या वाडीतील एक ठाकर आजीबाई येऊन बसल्या, आणि माझे व्याख्यान अर्ध्यावर तोडून त्यांनी मुलांना बजावले, “आधी ते काळं टोपण खुडा रं पोरांनो, न्हाय तर रंग मातकट येतो.” माझ्या शास्त्रीय खुलाशाचे सार एवढेच होते. टोपणात कषायद्रव्य असते. ते काढ्यात उतरले की केशरी छटा मळते, आणि त्यात लोखंडाची कढई वापरली तर काढा काळसर होऊन सगळेच मुसळ केरात जाते. म्हणून पातेले स्टेनलेस स्टीलचे अथवा कल्हईचे घ्यावे.

त्या दिवशीचा तपशील असा. झाडाखाली पहाटे पडलेली फुलेच तेवढी वेचली होती. फांद्या झोडपून फुले पाडणे मला मान्य नाही, कारण मध प्यायला येणाऱ्या पाखरांवाचून पळसाला शेंग धरत नाही. पाकळ्या सावलीत सुकविल्या, तेव्हा त्यांचे वजन मूळच्या पाचव्या-सहाव्या हिश्श्यावर आले. अशा शंभर ग्रॅम सुक्या पाकळ्या दोन लिटर पाण्यात रात्रभर भिजत घालून सकाळी मंद विस्तवावर अर्धा तास उकळल्या आणि जुन्या धोतराच्या फडक्यातून गाळल्या. निघालेला काढा पिवळा होता, आणि एवढा खटाटोप करून नुसता पिवळा रंगच निघाला हे पाहून मुलांची तोंडे उतरली. तेव्हा पाव चमचा खायचा सोडा वाटीभर पाण्यात विरघळवून तो थेंबाथेंबाने काढ्यात घालू लागलो, आणि मुलांच्या डोळ्यांदेखत पिवळ्याचा नारिंगी आणि नारिंगीचा केशरी झाला. सोड्याच्या अल्कतेने रंगद्रव्याचा कण आपले रूप पालटतो आणि अधिक गडद दिसू लागतो, एवढीच त्यातली किमया. हा केशरी काढा पाच-सहा लिटर पाण्यात मिसळला असता पिचकाऱ्यांस पुरेसा गडद राहिला.

जुन्या लोकांनी या कामी चुन्याची निवळी वापरली, आणि तिने रंग सोड्यापेक्षाही गडद चढतो यात शंका नाही. परंतु चुना डोळ्यास दाहक असतो, आणि मुलांच्या हाती पिचकारी असता तो कोठे उडेल याचा भरवसा नसतो, म्हणून मी खायच्या सोड्यावर थांबतो. तोही हात राखून घालावा. काढा बोटांना साबणासारखा बुळबुळीत लागू लागला तर अल्क जास्त झाले असे समजून त्यात साधा काढा वाढवावा. पाण्याप्रमाणेही छटा बदलते, ही गोष्ट नवख्यास चकविते: कूपनलिकेच्या क्षारयुक्त पाण्यात काढा सोड्याशिवायच नारिंगीकडे झुकतो, तर विहिरीच्या गोड्या पाण्यात तीच फुले पिवळीच राहतात.

हाच गुण परीक्षेस उपयोगी पडतो. ‘पळसाचा’ म्हणून विकत आणलेला रंग बशीत घेऊन त्यात लिंबाचे दोन थेंब पिळावेत. खरा असेल तर तो फिक्कट पिवळा पडतो, आणि सोड्याने पुन्हा केशरी होतो. लिंबू-सोड्यास मुळीच दाद न देणारा, उन्हात धरला असता गुलाबी-नारिंगी चमक मारणारा रंग ऱ्होडामीनच्या जातीचा असण्याचा संभव फार. ही परीक्षा अर्थात घरगुती आहे; तिच्यात उतरला म्हणून माल निर्भेळ, असा दाखला देता येणार नाही, कारण थोड्या पळसात पुष्कळ भेसळ करण्याइतकी अक्कल बाजारास असते. पुडीवर ‘हर्बल’ हा शब्द छापण्यास तर अक्कलही लागत नाही.

काढा दोन दिवसांवर टिकत नाही. उन्हाळ्यात दुसऱ्याच दिवशी वर फेस धरतो, आंबूस वास येतो, आणि आंबल्यामुळे उत्पन्न झालेल्या आम्लाने केशरी रंग आपोआप पिवळा पडतो. तो पुन्हा सोडा घालून गडद करण्याचा मोह आवरावा आणि झाडाच्या आळ्यात ओतून द्यावा. म्हणून धुळवडीचा काढा होळीच्या रात्री आणि रंगपंचमीचा काढा चतुर्थीच्या रात्री करावा, एकदाच करून ठेवू नये.

कोरडा रंग हवा असल्यास काढा आटवून घट्ट करावा आणि तांदळाच्या पिठावर शिंपडत चोळावा, परंतु पीठ गिरणीतून आणले तसेच वापरू नये. त्याची कणी डोळ्यास खुपते. ते वस्त्रगाळ करून घ्यावे, अथवा तवकीर वापरावी, आणि रंगविलेले पीठ सावलीत वाळवून पुन्हा वस्त्रगाळ करावे. कडक उन्हात पळसाचा रंग उडतो. हळदीचा त्याहूनही लवकर उडतो. बीटाचा लाल बरा असला तरी तो साखरेमुळे चिकट होतो आणि मुंग्यांना आमंत्रण देतो. पालकाच्या हिरव्याविषयी जे लिहिले जाते ते मला अनुभवाने पटलेले नाही: पानातले हरितद्रव्य पाण्यात विरघळत नाही, आणि उकळले की त्याचा शेवाळी चिखल होतो. हिरव्याचा हट्ट असलाच तर मेंदीची सुकी पूड पिठात मिसळून कोरडीच उडवावी, ओली होऊ देऊ नये, नाहीतर ती अंगावर रंगते.

पळसाचा बहर आणि शिमगा यांची गाठ दरवर्षी पडतेच असे नाही. अधिक महिना येऊन गेला की होळी मार्चच्या उत्तरार्धात जाते, तोवर झाडाखालची फुले काळी पडू लागलेली असतात. म्हणून बहर असेल तेव्हा पाकळ्या सुकवून कापडी पिशवीत, कोरड्या जागी ठेवाव्यात. येथे एक बारकावा ध्यानात घ्यावा. फुलातील पिवळे द्रव्य साठवणीत हळूहळू एका बिनरंगी द्रव्यात पालटत जाते, यास्तव गतवर्षीच्या पाकळ्यांचा काढा पाहणाऱ्यास फिका वाटतो आणि फुले वाया गेली असा ग्रह होतो. फुले वाया गेलेली नसतात: अशा पाकळ्या दीडपट घ्याव्यात, सोडा शेवटी न घालता उकळतानाच चिमूटभर घालावा आणि अर्ध्या तासाऐवजी पाऊण तास उकळावे, म्हणजे बिनरंगी झालेला पुष्कळसा भाग अल्काच्या योगाने पुन्हा पिवळ्या रूपात येऊन काढ्यास ओळखीचा केशरी चढतो.