भाचीचं पहिलं क्रेडिट कार्ड

आमच्या माहेरी उधारीची वही कधीच नव्हती. महिन्याचं वाणसामान रोख, दिवाळीचे कपडे रोख, मोठ्या ताईच्या लग्नातली भांडीसुद्धा रोख. त्यामुळे ताईच्या मुलीला पुण्यात नोकरी लागली आणि तिने क्रेडिट कार्डाचं नाव काढलं, तेव्हा ताईने मला सांगलीहून फोन केला. "अगं, तू तिला समजाव. कर्जाचं कार्ड कशाला हवंय तिला?"

मी भाचीशी बोलले, तेव्हा कळलं की कार्ड तिला खरेदीसाठी नकोच होतं. ताई अजून भाड्याच्या घरात राहते. चार-पाच वर्षांत आईसाठी लहानसं घर घ्यावं, असं हिच्या मनात आहे. त्यासाठी गृहकर्ज लागणार आणि बँक विचारणार, आधी कुणाचे पैसे घेऊन वेळेवर परत केलेत का? हिचा महिना अठ्ठावीस हजारांचा पगार, खात्यात कधी खडखडाट नाही, तरी पगाराच्या बँकेने कार्डाचा अर्ज नाकारला होता. कारण एकच, क्रेडिटचा इतिहास नाही.

मैत्रिणींनो, इथे एक गोष्ट नीट समजून घेऊ. सिबिलचा स्कोअर ३०० ते ९०० मध्ये असतो. भाचीचा रिपोर्ट काढला, तर स्कोअरच्या जागी आकडा नव्हताच, NH अशी दोन अक्षरं होती. म्हणजे नोंदच नाही. हा वाईट शेरा नव्हे, कोरी पाटी आहे. बचत खातं, डेबिट कार्ड, यूपीआय यांत आपण आपलेच पैसे खर्च करतो, म्हणून त्यातून ही पाटी भरत नाही. घेतलेले पैसे परत केल्याची नोंद लागते. म्हणजे कर्ज मिळायला नोंद हवी आणि नोंद व्हायला कर्ज हवं, असा पेच.

ऑफिसातल्या मैत्रिणी तिला म्हणाल्या, अजून तीन-चार बँकांत अर्ज टाक, कुठेतरी लागेल. मी तिला थांबवलं. प्रत्येक अर्जाबरोबर ती बँक रिपोर्ट मागवते आणि त्या चौकशीची नोंद रिपोर्टात राहते. थोड्या दिवसांत चार चौकशा दिसल्या, की पाचव्या बँकेला वाटतं, हिला पैशाची फार निकड दिसते. आपण स्वतः आपला रिपोर्ट पाहिला, तर मात्र काही बिघडत नाही. वर्षातून एकदा तो फुकट मिळतो.

या पेचातून निघायची वाट म्हणजे मुदत ठेवीवर मिळणारं कार्ड. बँकेत एफडी करायची आणि तिच्या तारणावर कार्ड घ्यायचं. बँकेला धोका नसल्यामुळे बहुतेक ठिकाणी पगाराची स्लिपही मागत नाहीत. म्हणून अठरा पूर्ण झालेल्या विद्यार्थ्यालाही हे मिळू शकतं. भाचीने वीस हजारांची एफडी केली. तिच्या बँकेने त्यावर नव्वद टक्के, म्हणजे अठरा हजारांची मर्यादा दिली. हे प्रमाण बँकेनुसार बदलतं. एफडीचं व्याज चालूच राहतं, पण कार्ड असेपर्यंत ती मोडता येत नाही. म्हणून अडीअडचणीचे पैसे यात घालू नयेत.

ताईला हे ऐकून हायसं वाटलं. "म्हणजे एखादं बिल राहिलं तरी ठेवीतून वळतं होईल ना?" इथेच बरेच जण फसतात. बिल थकलं, तर बँक एफडीतून वसूल करील हे खरं. पण तोपर्यंत उशिराची नोंद रिपोर्टात गेलेली असेल. एफडी बँकेचं रक्षण करते, आपल्या स्कोअरचं नाही. ते काम तारीख पाळण्याचं.

आता तारखा. भाचीचं बिल दर महिन्याच्या बाराला तयार होतं आणि भरायची शेवटची तारीख पुढच्या महिन्याची दोन. तेरा मार्चला घेतलेल्या वस्तूचं बिल बारा एप्रिलला येतं आणि पैसे दोन मेपर्यंत द्यायचे, म्हणजे पन्नास दिवस बिनव्याजी. तीच वस्तू अकरा एप्रिलला घेतली, तर एकवीसच दिवस. रिझर्व्ह बँकेच्या नियमानुसार शेवटच्या तारखेनंतर तीन दिवसांपेक्षा जास्त उशीर झाला, तरच थकबाकीची नोंद आणि दंड लागतो. पण त्या तीन दिवसांच्या भरवशावर राहू नये.

बिलावर दोन आकडे असतात, एकूण देय रक्कम आणि किमान देय रक्कम. समजा, बिल सहा हजारांचं आहे आणि किमान तीनशे. तीनशे भरले, तर उशिराचा शेरा लागत नाही, म्हणून माणूस निर्धास्त होतो. पण उरलेल्या सत्तावन्नशेवर व्याज लागतं आणि तेही खरेदीच्या दिवसापासून. महिना साडेतीन टक्के धरले, तर ढोबळमानाने दोनशे रुपये व्याज आणि त्यावर छत्तीस रुपये जीएसटी. पुढच्या महिन्यात पुन्हा तीनशे भरले, तर मूळ रकमेतून जेमतेम चौसष्ट रुपये कमी होतात! शिवाय नव्या खरेदीची बिनव्याजी सवलतही जाते. म्हणून भाचीने खात्यातून आपोआप पैसे कापले जायची सोय करताना 'एकूण रक्कम' निवडली. त्या जागी 'किमान रक्कम' असाही पर्याय असतो, तो आधी नीट पाहावा. एटीएममधून कार्डावर रोख काढली, तर पहिल्या दिवसापासून व्याज आणि वर फी, म्हणून तिकडे फिरकायचंच नाही.

खर्च किती करायचा? मर्यादेच्या तिसाव्या टक्क्याच्या आत राहावं, असा सर्वसाधारण संकेत आहे. अठरा हजारांत ते चोपन्नशे होतात. भाची त्यावर फोनचा रिचार्ज आणि वाणसामान घेते, जे एरवीही रोखीने घेतलंच असतं. मध्ये चष्म्यासाठी नऊ हजार लागले, तेव्हा बाराच्या आधीच तिने सहा हजार भरून टाकले, म्हणजे बिलात थोडीच रक्कम दिसली.

तिच्या मैत्रिणीचं मात्र वेगळंच झालं. कार्ड घेतलं आणि कपाटात ठेवून दिलं. वर्षाने वार्षिक फीचं बिल आलं ते जुन्या ईमेलवर. काहीच वापरलं नाही, तर बिल कसलं, म्हणून तिने पाहिलंच नाही आणि थकबाकीचा शेरा बसला. म्हणून कार्ड घेताना फी लागते का, हे विचारावं आणि नको असेल तर रीतसर बंद करावं. सगळी बाकी भरलेली असेल, तर अर्जानंतर कामाच्या सात दिवसांत बँकेने ते बंद केलंच पाहिजे, नाहीतर दिवसाला पाचशे रुपये आपल्याला द्यावे लागतात.

साधारण सहा महिन्यांच्या नोंदींनंतर भाचीच्या रिपोर्टवर NH जाऊन आकडा आला, ७४२. ताईने विचारलं, "आता एफडी मोडून कार्ड बंद करायचं का?" मी म्हटलं, इतक्यात नको. ही तिची सर्वांत जुनी नोंद आहे आणि नोंद जितकी जुनी, तितकी कामाची. आधी साधं कार्ड मिळू दे, तेही वर्षभर वेळेवर भरू दे, मग एफडी सोडवता येईल. ताई आता दर महिन्याच्या एक तारखेला लेकीला फोन करते आणि खात्यात बिलापुरते पैसे आहेत ना, एवढंच विचारते.